‘दे’चे तीन स्वर

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले. आईशी बोलले, ऑफिसात बोलले, आणि बहुतेक सगळं विसरूनही गेले. पण एक ‘हो’ असा आहे की तो अजून विसरता आलेला नाही. एका बहिऱ्या होत चाललेल्या माणसानं मला एक साधा प्रश्न विचारला होता. मी हो म्हटलं. खरं उत्तर नाही होतं. आणि हे सगळं एका कॉर्डवरून झालं. एका वेळी दाबलेले तीन-चार स्वर, दुसरं काही नाही. लोकांना सांगितलं तर म्हणतात, एवढंच? हो बाबा, एवढंच.

माझे वडील डहाणूला रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती, बदलीमुळे इकडे आलेलो. चर्चमध्ये पेटी वाजवता येते म्हणून मी जरा टेचात असायचे, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी मला खूळ लागलं की लंडनहून पेपर येतात ती पाश्चात्त्य संगीताची परीक्षा द्यायची. मुंबईला क्लास होते, पण रोज कोण सोडणार? मग कुणीतरी सांगितलं की तलासरीला एक रिटायर झालेले मास्तर आहेत, शाळेत मराठी शिकवायचे आणि चर्चची पायपेटी वाजवतात. त्यांना चार आवाज एकावर एक बसवायचं सगळं शास्त्र तोंडपाठ आहे.

दर शनिवारी सकाळच्या एस.टी.नं मी तलासरीला जायला लागले. वरोरच्या बायका सुक्या बोंबलांच्या पाट्या घेऊन त्याच गाडीत असत. माझ्या वहीला बोंबलांचा वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. मास्तर वही नाकाशी धरून म्हणायचे, “गृहपाठ चांगला झालेला दिसतोय, चव येतेय.” बुटके, काळेसावळे, सदऱ्याच्या खिशात तांबडी पेन्सिल. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. मावशींना गाण्याचं अंग अजिबात नव्हतं आणि त्याचा त्यांना मुळीच खेद नव्हता. “यांचं ते पँ पँ चालू झालं की मी भांडी घासायला घेते,” असं त्या मास्तरांच्या तोंडावर सांगत.

पहिल्या पावसाळ्यापर्यंत माझं बरं चाललं होतं. मग गाण्याचा शेवट कसा करायचा हा धडा आला, आणि मी आपटले.

मास्तरांनी चार मात्रांचा एक शेवट लिहून आणायला सांगितला होता. पांढरी एक धरून, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा मानून. मी लिहून आणला. शेवटून तिसऱ्या जागी मी सा-ग-प टाकला होता, खाली प घेऊन. मास्तरांनी तांबडी पेन्सिल काढली.

“हा कोणता कॉर्ड?”

“एक नंबर. सा-ग-प.”

“खाली काय आहे?”

“प.”

“मग घर कुणाचं?”

“साचं. नावच एक नंबर आहे ना, पुस्तकातपण वन-सी, म्हणजे एकाचाच तिसरा प्रकार, असंच लिहिलंय. म्हणून तर चार आवाजांत मी सा दोनदा घेतला.”

“अगं बये! खाली प पाय रोवून उभा आहे आणि घर साचं म्हणतेस? नावावर जाऊ नकोस. नाव एकाचं आहे, काम पाचाचं करतो तो.”

मला राग आला. पुस्तकात छापलंय ते खोटं आणि हे तलासरीत बसून खरं सांगणार! मी तोंड फुगवलं असणार, कारण ते उठले आणि म्हणाले, “चल चर्चमध्ये. कागदावर नाही कळायचं तुला.”

चर्च रस्ता ओलांडून होतं. पायपेटी जुनी होती, भात्याला उंदरांनी कुरतडलेलं, त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. पण खालचे स्वर असे दणदणीत की पेटीचं लाकूड थरथरायचं. मास्तरांनी खालचा प दाबला आणि वर ग, प आणि सा. पाय मारत राहिले. सोडेचनात.

“थांबू का इथे? झालं का गाणं?”

“नाही,” मी म्हटलं. ऐकताना नाही म्हणणं सोपं होतं.

“का नाही? स्वर तर सगळे घरचेच आहेत.” मग त्यांनी पेन्सिलीनं पट्ट्या मोजून दाखवल्या. “खालच्या पपासून वर मोज. सा चौथा येतो, ग सहावा. म्हणून सिक्स-फोर. खालच्या स्वरापासून चौथा असा उघडा पडला की त्याला चैन नसतं. त्याला एक पायरी उतरायचं असतं. ‘ग’लापण. आता बघ.” खालचा प तसाच ठेवून त्यांनी वरचा सा निवर उतरवला आणि ग रेवर. “आता काय राहिलं?”

“प-नि-रे. पाच नंबर.”

“म्हणजे पाच नंबर आधीपासूनच सुरू झाला होता. प हललाय का? नाही. सा आणि ग नुसते उशिरा उतरले. ते पाचावर चढवलेले दागिने आहेत पोरी, पाचाच्या अंगावरचे. म्हणून दोनदा घ्यायचा तो प, सा नाही. घर ज्याचं, वजन त्याचं.”

मी विचारलं, मग सरळ नि आणि रेच का घ्यायचे नाहीत, एवढा खटाटोप कशाला? ते पहिल्यांदा जरा गंभीर झाले. म्हणाले, “घ्यायला हरकत नाही. चूक नाही ते. पण सा दाखवून सा काढून घेतला की खऱ्या साची ओढ लागते. आणि लक्षात ठेव, सा-ग पडले पाहिजेत जोराच्या मात्रेवर, नि-रे हलक्या मात्रेवर. सुस्कारा जसा आधी भरतो आणि मग सुटतो. उलटं केलंस की गेली मजा.”

मग त्यांनी नि परत सावर नेला, खालचा प सोडून खालचा सा धरला, आणि पाय थांबवले. मला एकदम मोकळं वाटलं. पुस्तकातली सहा पानं वाचून ते वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, तर ते जेवता जेवता म्हणाले, “म्हणजे आउटर सिग्नलला थांबलेली गाडी. ठेसन दिसतं, लोक बोजे काढून दारात येतात, एखादा शहाणा उडीसुद्धा मारतो. पण खाली फलाट नसतो.” मी पुढच्या शनिवारी मास्तरांना हे सांगितलं. ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, “तुझ्या बापाला कळलं, आणि आमच्या चर्चच्या मंडळींना वीस वर्षं झाली कळत नाही. सगळे आउटरला उतरतात!”

आता ती वीस वर्षं काय ते सांगते. मास्तरांनी स्वतः एक मराठी गीत बांधलं होतं, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी म्हणायचं. त्याची शेवटची ओळ ‘थकल्या जीवा विसावा दे’ अशी होती. शेवटचा ‘दे’ त्यांनी तीन स्वरांवर ताणला होता, सा-नि-सा. पहिल्या साखाली तो सिक्स-फोर, निखाली पाच नंबर, आणि शेवटच्या साला खरं घर. सगळा जीव त्या ‘दे’त होता. मागणं आधी ताणायचं, मग जरा उतरायचं, मग मिळायचं.

आणि लोक काय करत? पहिल्या सावर ‘दे’ म्हणत आणि थांबत. त्यांचं बरोबरच होतं हो. पाड्यांवरची माणसं, भजनं ऐकत वाढलेली, आपापली गाणी गाणारी. साला आलं की आलं, आता पुढे कुठे जायचं? शाळेतले मास्तर, नर्सबाई, तेसुद्धा तिथेच थांबत. सगळं चर्च ‘दे’ म्हणून तोंड मिटायचं, पुस्तकं बंद व्हायची, चपला शोधायला लागायची माणसं, आणि मास्तर एकटे पेटीवर नि वाजवून मग सा वाजवायचे. दर रविवारी. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. एवढ्या माणसांत एकटाच माणूस घरी पोचतोय.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मास्तर मला तेच तेच विचारताहेत. त्यांना ऐकू कमी येत होतं. आधी मावशींचा आवाज गेला, त्यावर मावशी म्हणाल्या, “बरं झालं, सुटले.” मग पोरांचे आवाज गेले, मग पेटीचे वरचे स्वर. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं, हे असंच कमी होत जाणार. कानातलं यंत्र आणलं होतं, पण त्यात सगळं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाजतं म्हणून ते काढून खिशात ठेवत. खालचे स्वर मात्र त्यांना हातानं कळत. पेटीच्या लाकडावर तळवा ठेवायचे आणि मी वाजवायची. “हा म. हा प. सोडलास आता.” कधी चुकले नाहीत.

एका शनिवारी धडा संपल्यावर ते म्हणाले, “आता रविवारचं तू वाजवत जा. माझा भरवसा नाही. पण एक काम कर माझं. त्या मंडळींना एकदा, एकदाच, शेवटपर्यंत ने. कान पुरते जायच्या आत मला ते ऐकायचंय. सगळे मिळून निवर उतरलेत आणि सगळे मिळून सावर आलेत. मग मिटले कान तरी चालतील.”

मी हो म्हटलं. तो हो खरा होता, हे निदान नमूद करते.

मग मी दर रविवारी मिस्सानंतर लोकांना थांबवायला लागले. काय सांगू तुम्हांला. पाच मिनिटं थांबत, मग बायकांची चुळबुळ सुरू. कुणाची एस.टी. जायची, कुणाचं पोर रडायचं, कुणाला चुलीवर भात. मी ओरडून सांगायची, “दे-ए-ए! खाली या, मग वर जा!” आणि ते हसत. एक म्हातारी मला म्हणाली, “बाय, देवाला एकदा दे म्हटलं की कळतं. तीनदा कशाला?” सगळं चर्च हसलं. मीही हसले असते तर बरं झालं असतं. मी पेटीचं झाकण आपटलं. तीन महिने मी त्यांच्या मागे लागले होते आणि ते नि गिळतच होते. मास्तर पहिल्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत. विचारत नसत. ते बघणंच मला सहन होईना.

मग सण आला. चर्चचा मोठा सण, बाहेरून पाहुणे, मांडव, सगळे नवे कपडे घालून. माझी परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि डोक्यात तेच सगळं. आदल्या दिवशी मी पेटीवर बसून एक अक्कलहुशारी केली. ‘विसावा’तला ‘वा’ रेवर होता. त्याच्याखाली मास्तरांनी ‘म’ घेतला होता, पुढच्या ‘प’कडे जायला. मी तिथेच पाच नंबर टाकला, एक मात्रा. आणि ‘दे’ला सरळ घरचा सा, खालीही सा. संपलं. कागदावर तपासलं असतं तर कुणी चूक काढली नसती. फक्त सिक्स-फोर गेला, आणि सा-नि-साच्या जागी एकच सा राहिला. लोक जिथे थांबतात तिथेच मी गाणं थांबवलं.

मास्तर त्या दिवशी पहिल्या बाकावर बसले नाहीत. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले, हात पेटीच्या बाजूच्या फळीवर. मी बघितलं होतं. पण मला वाटलं, म्हातारं माणूस, टेकायला ठेवलाय हात.

सगळं चर्च गात होतं. ‘थकल्या जीवा विसावा दे’, आणि सगळे थांबले, आणि मीही थांबले. एकदम. पहिल्यांदाच. कुणी मागे राहिलं नाही, कुणी पुढे गेलं नाही. लोकांनासुद्धा जाणवलं, काही जणांनी वळून बघितलं. एक पाहुणे म्हणाले, वा, काय सुरेख बसवलंय. मास्तर माझ्या कानाशी वाकले. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, ते मात्र हळू बोलले.

“आले का गं सगळे शेवटपर्यंत?”

मी म्हटलं, “हो.”

त्यांना कळावं म्हणून मानही हलवली. ते एक क्षण माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरं झालं. फार मेहनत घेतलीस.” मला इतकं हलकं वाटलं की मी मांडवात जाऊन दोनदा जेवले.

परीक्षेत सिक्स-फोर आला. का घेतात, कुठल्या मात्रेवर, कुठला स्वर दोनदा, सगळं विचारलं होतं. मी झकास लिहिलं. पास झाले, चांगली पास झाले. मग मुंबईला कॉलेज, मग तिथेच नोकरी. वडिलांची बदली झाली आणि तलासरीला जायचं कारण उरलं नाही. पत्रं लिहीत होते, मास्तरांची उत्तरं तांबड्या पेन्सिलीत येत. त्या गीताचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही नाही. माझ्यानंतर जी मुलगी पेटी वाजवायला लागली ती माझीच वही बघून शिकली होती.

नव्वद साल उलटून गेल्यावर एके दिवशी ऑफिसात फोन आला. मास्तर गेले. मी जी साडी नेसले होते तीच नेसून निघाले.

चर्च भरलं होतं. त्यांचे जुने विद्यार्थी, पाड्यांवरची माणसं, शवपेटीवर पांढरा चाफा. त्या मुलीला मी म्हटलं, शेवटचं गीत मी वाजवते. माझी वही बाजूला ठेवली. मास्तरांच्या हस्ताक्षरातला तो जुना कागद पायपेटीच्या खणात होता, तो काढला. माझं ठरलं होतं. आज त्यांचं त्यांना पूर्ण द्यायचं.

सगळे उभे राहून गायले. चांगले गायले, रडत गायले. ‘वा’ला मी म घेतला, मग खालचा प दाबला. जोराच्या मात्रेवर वर सा आणि ग, ‘दे’. आणि ‘दे’ म्हणून सगळे थांबले. मी मागे लागले होते तेव्हा निदान दोघं-चौघं चाचपडत रेंगाळायचे. आता कुणीही नाही. एवढ्या वर्षांत माझंच पक्कं झालं होतं त्यांच्या तोंडी. बाकं करकरली, लोक बसले, खांदा देणारे पुढे आले. आणि माझ्या हाताखाली तो प थरथरत होता, वर सा आणि ग लटकलेले. सोडून देता येत नव्हतं. मी एकटीनं नि वाजवला. एकटीनं सा वाजवला. मास्तर वीस वर्षं दर रविवारी काय करत होते ते मला तेव्हा कळलं.

दफन झाल्यावर मावशी मला म्हणाल्या, चल, त्यांचे कागद पायपेटीत राहिलेत, घेऊन येऊ. चर्चमध्ये आम्ही दोघीच. त्या बाकावर टेकल्या.

“आज तू त्यांचं वाजवलंस ना? पूर्ण?”

मी चमकले. “मावशी, तुम्हांला कसं कळलं?”

“मला काय कळतंय त्यातलं. सगळे बसले, पण तुझे पाय चालू होते. म्हणून मी उभीच राहिले. ते असते तर बसले नसते.” मग म्हणाल्या, “त्या सणाच्या दिवशी घरी आले, टोपी काढली, आणि म्हणाले, पोरीनं माझा पंचम खाल्ला. हाताला लागला न लागला तोच गेला.”

म्हणजे मला विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. फळीवर हात टेकायला ठेवलेला नव्हता.

“मग मला बोलले का नाहीत? शिव्या घालायच्या होत्या!”

“मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, तिनं हो म्हटलं ते मला बरं वाटावं म्हणून. आता मला वाटलंच बरं, असं तिला वाटू दे.”

मी तिथेच, पायपेटीच्या स्टुलावर, मोठ्यानं रडले. मावशींनी रडू दिलं. मग पदरानं तोंड पुसून उठल्या आणि पेटीजवळ आल्या. फळीवर हात ठेवला, नेमका तिथेच.

“कुठले ते दोन स्वर, ज्यावरून एवढं झालं? वाजव. मी म्हणते.”

“मावशी, तुम्ही?”

“वाजव म्हटलं ना.”

मी वाजवलं. ‘थकल्या जीवा विसावा’, मावशी बोलल्यासारख्या म्हणत होत्या, सूर जागेवर नव्हताच. ‘दे’ आला. मी प धरला. मावशी थांबल्या नाहीत. माझ्या बोटाकडे बघत त्या खाली उतरल्या, जिथे उतरायचं तिथे नाही, बरंच खाली, आवाज फाटला, पण उतरल्या. मग श्वास घेऊन परत वर आल्या. मी खालचा सा दाबला आणि त्यांनी हाताखाली तो लागेपर्यंत ‘दे’ सोडला नाही.

त्या गीताच्या शेवटपर्यंत गात आलेलं मी पाहिलेलं ते पहिलं माणूस. आणि ज्यांना ते ऐकायचं होतं त्यांना आम्ही तासाभरापूर्वी पुरून आलो होतो.